व्हर्मीरची 'लेसमेकर' बघितली आणि आधी चक्क वैताग आला (डायरीतलं पान)

रेघोटी
इथे बरेच जण चित्रकलेवर लिहितात म्हणून टाकतेय. मी सहा महिन्यांसाठी एक्स्चेंजवर पॅरिसला आलेय, पेंटिंगचं शेवटचं वर्ष. लेसमेकर म्हणजे सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरचं लेस विणणाऱ्या मुलीचं चित्र, इथल्या लुव्र म्युझियममध्ये आहे. खालचं सगळं डायरीतून जसंच्या तसं उतरवलंय, फक्त शिव्या काढल्यात. शेवटी एक प्रश्न आहे, तेवढा प्लीज वाचा.

शुक्रवार, रात्री साडेअकरा, रूमवर.

पाय मोडलेत. आज लुव्र उशिरापर्यंत उघडं असतं म्हणून चार वाजता शिरले, ठरवून फक्त लेसमेकरसाठी. आमच्या कॉलेजच्या जिन्यात तिचं प्रिंट होतं, तीन-सव्वातीन फूट उंच, चार वर्षं रोज त्याच्यासमोरून वर गेलेय. त्यात डावीकडच्या निळ्या उशीतून लाल आणि पांढरे दोरे बाहेर सांडलेत ना, ते इतके लिबलिबीत दिसायचे की फर्स्ट इयरला आम्ही त्याला केचप म्हणायचो. प्रिंटच खराब आलंय असं मला बरेच दिवस वाटायचं. तरी ती मुलगी आवडायची. एवढी मोठी, आपल्याच उंचीवर, मान खाली घालून बसलेली.

आता चूक काय झाली तर मी रिशलिय विंगच्या दुसऱ्या मजल्यावर रुबेन्सच्या हॉलमधून गेले. राणी मारी द मेदिचीसाठी केलेली चोवीस चित्रं, जवळजवळ चार मीटर उंच, देव, घोडे, जलपऱ्या, सगळे अंगावर येतात. तिथे मान वर करून करून अर्धा तास गेला. मग डच रूम्स. छोट्या छोट्या खोल्या, एकामागून एक. व्हर्मीरच्या खोलीत शिरले, 'ॲस्ट्रॉनॉमर' दिसला, तोही लहानच पण ठीक आहे, आणि मग मी लेसमेकर शोधतेय. शोधतेय. ती समोरच होती.

एवढीशी. म्हणजे २४ सेंटिमीटर उंच आणि २१ रुंद, हे आकडे मला पाठ होते हो, आर्ट हिस्टरीच्या पेपरात लिहिलेत. पण आकडा पाठ असणं वेगळं आणि भिंतीवर ते तेवढं बघणं वेगळं. फ्रेमच जास्त दिसत होती. एक कुटुंब आलं, बाबांनी फोन वर केला, क्लिक, गेले, आठ सेकंद. आणि मला त्यांचा राग पण आला नाही, कारण मीही तेच करणार होते. एवढा प्रवास, एवढं तिकीट, चार वर्षं जिन्यातून वर-खाली, आणि हे? शेजारच्या बाकावर जाऊन बसले आणि बिस्किटं खाता येत नाहीत म्हणून आणखी चिडले.

उठले ते निव्वळ आलोय तर बघू म्हणून. दोन पावलं पुढे गेले, काही नाही. आणखी पुढे, तरी नाही, मग वाकले. आणि वाकल्यावर जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

तिचे हात. हातांत दोऱ्याच्या बारीक लाकडी रिळ्या आहेत आणि त्यांच्यापासून दोन धागे निघालेत, ताणलेले, इंग्रजी व्हीसारखे. ते धागे म्हणजे दोन रेघा. प्रिंटमध्ये ते धागे मला कधी दिसलेच नव्हते, म्हणजे दिसले असतील पण बाकीच्या पसाऱ्यात हरवले होते. इथे अख्ख्या चित्रात तेवढीच गोष्ट कडक आहे. बाकी सगळं मऊ. कपाळावरचा उजेड मऊ, बोटं तर जवळून बघितली तर बोटं नाहीतच, फिकट-गडद चार ठिपके आहेत. आणि केचप! ते लाल दोरे खरंच पातळ रंगाचे ओघळ आहेत, दोऱ्यासारखे एकदाही रंगवलेले नाहीत, पण नजर तिच्या हातावर ठेवली की ते कोपऱ्यात आपोआप दोरे होतात. त्यांच्याकडे सरळ बघितलं की पुन्हा रंग. हात बघा, दोरे. दोरे बघा, रंग. मी हा खेळ दहा-बारा वेळा केला असेल.

मग कळलं की माझी मान दुखतेय. तिच्यासारखीच मान घालून, खांदे आवळून मी उभी होते, तोंड पण तसंच मिटलेलं. आणि श्वास धरलेला, कारण तिने तो धागा ताणून धरलाय आणि आत्ता कुणी हललं तर तिचा हिशोब चुकेल असं काहीतरी वाटत होतं. एवढं जवळ एका वेळी एकच माणूस उभं राहू शकतं. खोलीत माणसं होती पण तिच्या आणि माझ्या मध्ये कुणी शिरूच शकत नव्हतं, जागाच नव्हती. तीन फुटाच्या प्रिंटमध्ये ती जिन्यातल्या सगळ्यांची होती.

गार्डने हळूच "मादाम" म्हटलं आणि हाताने मागे व्हा असं केलं. मागे झाले, आणि डोळे भरलेले होते हे तेव्हा कळलं, जरा लाजच वाटली. मग परत बाकावर. सव्वा तास थांबले एकूण.

रूमवर येऊन एक ए फोर कागद घेतला. रुंदी एकवीसच असते, वरून पावणेसहा सेंटिमीटर दुमडला की लेसमेकर. तो दुमडलेला कागद समोर भिंतीला लावलाय. रिकामाच.

डायरी संपली. प्रश्न असा की त्या दोन रेघा काढल्या कशा? मी काल प्रायमर मारलेल्या कॅनव्हासच्या तुकड्यावर तीन शून्याच्या ब्रशने करून बघितलं, रेघ थरथरते नाहीतर मध्येच तुटून मण्यांसारखी होते. कुणी केलंय का असं?

जुना_ईझेल
छान लिहिलंयस. पण एक सांगतो, व्हर्मीरने हे हाताने काढलंय असं समजू नकोस. कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे अंधाऱ्या पेटीत भिंग लावून चित्र पाडायचं आणि त्यावरून गिरवायचं. हे आता सिद्ध झालंय. समोरचं धूसर, मधलं शार्प, हे भिंगाचंच काम. डोळ्याला असं दिसतच नाही. तेव्हा रेघ कशी काढली यापेक्षा पेटी कशी बनवली हा प्रश्न.

टाकेबाई
किती गं गोड. माझी सासू गोव्याची, क्रोशाचे रुमाल आणि टेबलक्लॉथ इतके सुंदर करायच्या, मी पण शिकले त्यांच्याकडून. या चित्रातली पण क्रोशाच करतेय ना? सुई दिसत नाहीये मात्र फोटोत.

सोडालिंबू
आम्ही मे मध्ये आईबाबांना घेऊन जातोय, लुव्रला दोनच तास आहेत. मोनालिसा पण अशीच लहान आहे का? आईचे गुडघे दुखतात, एवढं चालून लहान चित्र बघायला न्यावं का, की बाहेरूनच पिरॅमिडपाशी फोटो काढावा?

करडा_ग्राउंड
@टाकेबाई, क्रोशा नाही काकू. क्रोशाला एक आकडीची सुई आणि एकच दोरा. ही बॉबिन लेस. उशीवर नक्षीप्रमाणे टाचण्या टोचतात आणि बऱ्याच रिळ्या जोडीजोडीने एकमेकींवरून फिरवून दोरे गुंफतात, टाचण्या ती गुंफण धरून ठेवतात. वेणी घालण्याच्या जवळचं काम. चित्रात आकाशी रंगाच्या उशीवर ती टाचणीपाशीच काहीतरी करतेय. गडद निळी उशी डावीकडे आहे ती वेगळी, शिवणकामाचं सामान ठेवायची.

@जुना_ईझेल, "सिद्ध झालंय" हे जरा जास्त होतंय. चित्रकार हॉकनी आणि वास्तुकलेचे प्राध्यापक स्टेडमन यांनी भिंगाची बाजू जोरात मांडली हे खरं, आणि स्टेडमनचं खोल्यांच्या मोजमापांचं काम गंभीर आहे. पण व्हर्मीर १६७५ मध्ये वारला, त्यानंतर घरातल्या सामानाची यादी झाली, त्यात ईझेल आहेत, कॅनव्हास आहेत, पेटी किंवा भिंग नाही. शिवाय त्याच्या बऱ्याच चित्रांत पर्स्पेक्टिव्हच्या बिंदूवर टाचणीचं भोक सापडलंय, म्हणजे तिथे टाचणी मारून सुतळी ताणून रेषा काढल्यात, सुतार काढतात तशा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते चमकते ठिपके. भिंगातून धूसर पाहिलं तर उजेडाचे गोल ठिपके पडतात ते चकचकीत वस्तूवर, ओल्या किंवा धातूच्या. लेसमेकरमध्ये ते ठिपके टेबलावरच्या गालिच्यावर आणि दोऱ्यावर पण आहेत. लोकरीवर असे ठिपके पेटीतही पडणार नाहीत. म्हणजे त्याने पेटी पाहिली असेल, मला वाटतं पाहिलीच असेल, पण हे ठिपके गिरवलेले नाहीत. त्याला ते आवडले आणि त्याने हवे तिथे टाकले.

रेघेबद्दल रात्री लिहितो, आत्ता साइटवर आहे.

तिरपा_उजेड
मूळ पोस्टमधलं एक पटलं नाही. प्रिंट चौपट मोठं असेल तर चौपट लांब उभं राहा, डोळ्यात प्रतिमा तेवढीच पडेल. मग लहान असण्यात जादू काय? भूमितीच आहे ना ही. मला वाटतं तू पॅरिसला होतीस, ओरिजिनल होतं, थकली होतीस, म्हणून रडलीस. वाईट अर्थाने नाही म्हणत, माझं पण झालंय. मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघायला गेलो होतो, रविवर्म्याचं. अंधाऱ्या जागी ठेवलंय, दिव्याचा उजेड खरंच तोंडावर पडतोय असं वाटतं. आता त्यात साइझचा काय संबंध?

टाकेबाई
ते रविवर्म्याचं नाही हो, हळदणकरांचं. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. आणि जलरंग आहे. त्यांची मुलगीच उभी होती मॉडेल म्हणून. आमच्या सावंतवाडीच्या माणसाचं श्रेय दर वेळी कुणीतरी रविवर्म्याला देतंच.

आणि वेणीसारखं म्हटल्यावर कळलं, धन्यवाद. म्हणजे ती दोन रिळ्या ताणून धरतेय ते गुंफण घट्ट बसावी म्हणून. क्रोशातही ताण सुटला की अख्खी ओळ सैल पडते आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं.

तिरपा_उजेड
हळदणकर, चूक मान्य. दहा वर्षं लोकांना रविवर्मा सांगत होतो 🙈

रेघोटी
@टाकेबाई काकू, "ताण सुटला की ओळ सैल पडते", हे मला तिथे उभं असताना माहीत असतं तर!

@तिरपा_उजेड, जिन्यात लांब जायला जागाच नव्हती, पाठ भिंतीला लागायची 😅 त्यामुळे प्रिंट नेहमी जवळूनच बघितलं. पण तुझा मुद्दा अडकलाय डोक्यात. थकले होते हेही खरं.

@सोडालिंबू, मोनालिसा ७७ बाय ५३ आहे, क्षेत्रफळाने लेसमेकरच्या आठपट. पण तिच्यासमोर गर्दीत वाकता येत नाही, लांबूनच बघावं लागतं.

करडा_ग्राउंड
आलो. आधी भूमिती. तिरपा_उजेड म्हणतो ते कागदावर बरोबर आहे, कोन तेवढाच राहतो. पण डोळा नुसता कोन मोजत नाही. दीड-दोन फुटांवरच्या वस्तूसाठी दोन्ही डोळे आत वळतात, डोळ्यातलं भिंग फुगतं, डोकं दोन इंच हललं तर रंगाचा उंचवटा वेगळा चमकतो. आठ फुटांवर यातलं जवळजवळ काहीच होत नाही. आणि आपण स्वतः शिवताना, सुईत दोरा ओवताना, धान्य निवडताना हात जेवढ्या अंतरावर धरतो तेवढ्याच अंतरावर हे चित्र बघावं लागतं. रेघोटीची मान दुखली ती उगाच नाही. हे त्याने ठरवून केलं का, ते मी सांगू शकत नाही. कदाचित कॅनव्हासचा उरलेला तुकडा होता. व्हर्जिनल वाजवणाऱ्या बाईचं त्याचं एक छोटं चित्र आहे, त्याचा आणि लेसमेकरचा कॅनव्हास एकाच ताग्यातला आहे, विणीच्या दोऱ्यांवरून ते जुळलंय.

आता रेघ. चार गोष्टी चुकत असतील तुझ्या.

ब्रश बारीक आहे हीच पहिली चूक. तीन शून्याच्या ब्रशचे केस आखूड, रंग धरतच नाही, एक सेंटिमीटरवर कोरडा पडतो आणि मग तू दाबतेस. लांब केसांचा लायनर घे, रिगर म्हणतात तो, पोटात रंग राहतो आणि टोक एकच केस असल्यासारखं चालतं. दुसरं, खालचा थर पूर्ण वाळलेला पाहिजे. ओल्या थरात रेघ बुडते. तुझी रेघ मण्यांसारखी होतेय म्हणजे उलट भानगड आहे, थर वाळलाय पण तेलकट आहे, वरचा रंग पसरायला तयार नाही. अगदी किंचित तेलाचा हात पुसून घे आणि कापडाने जवळजवळ सगळं काढून टाक. तिसरं, कॅनव्हास. बाजारातला तयार कॅनव्हास जाड विणीचा असतो, ब्रश त्या खड्ड्यांतून उड्या मारत जातो, तीच तुझी थरथर. बारीक विणीचं लिनन घे नाहीतर सरळ बोर्डवर प्रायमरचे चार थर मारून प्रत्येक थर घासून घे, बोट फिरवलं तर अंड्याच्या टरफलासारखं लागलं पाहिजे. चौथं, रेघ बोटांनी काढू नकोस. करंगळी टेकव, मनगट लॉक, कोपरातून ओढ. श्वास सोडताना.

रंग किती पातळ? ब्रश उचलला की टोकावरून थेंब पडू नये पण कागदावर टेकवला तर न दाबता खूण उठली पाहिजे.

जुना_ईझेल
यादीत पेटी नव्हती हे मला माहीत नव्हतं. पण उसनी आणली असेल की! डेल्फ्टमध्येच लेव्हनहुक राहायचा, भिंगं घासणारा, व्हर्मीर गेल्यावर त्याच्या मालमत्तेचं काम त्याच्याकडेच होतं. एवढ्याशा गावात दोघं भेटलेच नसतील?

करडा_ग्राउंड
भेटले असतील. मालमत्तेचं काम लेव्हनहुककडे होतं हे बरोबर आहे. पण जिवंतपणी ओळख होती असा एकही कागद नाही. तुम्ही "असेल" म्हणा, मी भांडणार नाही. "सिद्ध" म्हणालात की भांडेन.

वजनकाटा
मी चित्रकलेतला नाही, धागा वाचतोय. १६९६ ला ॲमस्टरडॅमला लिलाव झाला त्यात लेसमेकर २८ गिल्डरला गेली आणि व्हर्मीरचंच 'व्ह्यू ऑफ डेल्फ्ट' २०० ला, असं वाचलं होतं. म्हणजे तेव्हाही लोकांनी चौरस फुटाच्या भावानेच घेतलं. रेघोटीची पहिली रिॲक्शन ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर होती 😄

करडा_ग्राउंड
तुमच्याच काट्यावर मोजू. डेल्फ्टचं चित्र क्षेत्रफळाने तेवीस पट, भाव सातपट. त्याच लिलावात 'मिल्कमेड' १७५ ला गेली, ती लेसमेकरच्या पावणेचार पटही नाही आणि भाव सहापटीच्या वर. चौरस फुटाचा भाव कुठे बसला?

वजनकाटा
नाही बसला. दुधाला भाव जास्त होता म्हणा.

सोडालिंबू
धागा भलताच रंगलाय, पण मी आईला ए फोर दुमडून दाखवला तर ती म्हणाली "एवढं लहान असेल तर जवळ खुर्ची ठेवतात का?" खुर्ची ठेवतात का?

रेघोटी
खोलीत बाक आहे, जवळ नाही. पण जायच्या आधी त्यांच्या साइटवर त्या दिवशी कुठल्या खोल्या बंद आहेत ते बघ, वरच्या मजल्यावरच्या खोल्या काही वारी बंद ठेवतात. मंगळवारी तर सगळंच बंद. आणि आईला रुबेन्सच्या हॉलमधून नेऊ नकोस, दुसरीकडून ने. मी केलं ती चूक करू नकोस.

@करडा_ग्राउंड सर, रिगर आणला. इथे कॉपी करायला बसायची परवानगी मिळते का विचारलं, तर अर्ज करावा लागतो आणि एक नियम असा की कॉपी मूळ मापाची चालत नाही, लहान नाहीतर मोठी करायची. खोटी चित्रं विकली जाऊ नयेत म्हणून. म्हणजे नेमकं जे मला करायचंय तेच तिथे करता येणार नाही. म्हणून रूमवर, बोर्डवर, दुमडलेल्या ए फोरच्या मापात.

काल नुसत्या रेघा. एकवीस काढल्या. सुरुवातीच्या सगळ्या कोपरातून ओढताना वाकड्या गेल्या, श्वास सोडताना हात खाली येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मग श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी जी रिकामी जागा असते तिथे काढून बघितली. चौदावी सरळ गेली. डावा धागा. उजवा अजून नाही, कारण तो डाव्याकडे तिरका यायला हवा आणि माझा कोपर तिथे टेबलाला अडतो.

करडा_ग्राउंड
बोर्ड फिरव. हात नाही.

टाकेबाई
आम्ही पण कापडच फिरवतो गं. फोटो टाक.

रेघोटी
फिरवला. उद्या उजेडात टाकते, बल्बखाली पिवळा येतोय.